दर शनिवारी घासलेला बर्नर

"शेगडी तुमची आहे, तुम्हीच बदला, असं लिही," सासूबाईंनी फर्मावलं. मी मालकीणबाईंना मेसेज टाकला: "पेट्रिशिया आंटी, गॅसची आच फार मंद झालीय. नवा सिलिंडर लावला तरी तेच. भाताला पाऊण तास लागतो, डाळीच्या कुकरची पहिली शिट्टीच अर्ध्या तासाने होते. शेगडी बदलून द्या."

आमच्या सासूबाई, वनमाला परब, चारकोपच्या या भाड्याच्या खोलीत स्वच्छतेचा कायदा चालवतात. महिनाभर माझा ऑफिसचा डबा उशिरा होत होता. सून उशिरा उठते, असं त्यांनी अख्ख्या मजल्याला सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आंटी मढहून आल्या. त्यांनी रेग्युलेटर बंद केला आणि गार बर्नर उचलून उजेडात धरला. पितळ नुसतं चकाकत होतं. भोकं मात्र पांढऱ्या भुकटीने बुजली होती.

"हे कशाने घासता?"

"देवाच्या समया घासते, त्याच पावडरीने. दर शनिवारी!" सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या.

आंटींनी सुई मागितली. एकेक भोक मोकळं केलं, बर्नर झटकून पुसला आणि बसवला. ज्योत निळी, भरदार पेटली. दुसऱ्या बर्नरचंही तेच केलं. भात पंधरा मिनिटांत झाला.

त्या दुपारी मजल्यावर ही बातमी सांगायला सासूबाई गेल्या नाहीत. मी गेले.