केरीच्या फोटोतलं आभाळ लाटंबार्शाचं आहे

माझा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी बरेच जण विचारतात, गौरवी, तुझ्या सगळ्या पहाटा इतक्या सोनेरी कशा? आम्ही जातो तेव्हा तर नुसतं पांढुरकं आभाळ असतं. मी आजवर हसून वेळ मारून नेत आले. आज सरळ उत्तर देते: माझ्या सूर्योदयांच्या बऱ्याच फोटोंतलं आभाळ दुसरीकडचं असतं. हे लिहायला मला तीन आठवडे लागले आणि ते ज्यांच्यामुळे लिहावं लागलं त्या बाबलीकाकांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बाबलीकाका गोव्यातल्या, दर्याकाठच्या केरीचे. वय अडुसष्ट, अंगाने सडसडीत, बोलणं मोजकं. किनाऱ्यावरून रापण, म्हणजे लांबलचक मासेमारीचं जाळं, ओढणाऱ्या तीस-बत्तीस जणांचे ते तांडेल, म्हणजे आज जाळं टाकायचं की नाही हे ठरवणारे. पहाटे ते एकटेच वाळूत येतात, दर्याकडे बघतात, वारा गालावर घेतात आणि पटलं तर गळ्यातली शिटी वाजवतात. ती शिटी त्यांच्या थोरल्या भावाची, तो बसवर कंडक्टर होता. शिटी ऐकली की घराघरांतून माणसं निघतात. वाजली नाही तर सगळे कूस बदलून झोपतात, का म्हणून विचारायला कोणी येत नाही. एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं.

रापण एकदा अर्धवर्तुळात पाण्यात सोडली की तीन तास ती टाकून पळता येत नाही. मध्येच लाट उठली तर जाळं खडकावर जातं, फाटतं, कधी माणूसही त्यात अडकतो. म्हणून ‘नको’ म्हणणारा माणूस लागतो. आणि ‘नको’ म्हटल्यावर काय टळलं ते कधीच दिसत नाही, ही त्या कामाची गोची आहे.

त्यात भाद्रपदानंतर म्हापशात काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते महिनाभर पडवीत बसले. तेव्हापासून टोळीत कुजबूज होतीच, म्हाताऱ्याला आता दिसतं की नाही देव जाणे. पण तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी मी केरीला गेले. मी डिचोलीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते, ब्लॉगसाठी मला रविवारच मिळतो. माझ्या गावाहून, लाटंबार्शाहून, काळोखात स्कूटर हाकत सहाला किनाऱ्यावर पोचले, तर वर शिळ्या पेजेच्या रंगाचं आभाळ. नैर्ऋत्येला दर्यावर काळी पट्टी, खाली लाटांना आतून एक जाड उचल. अख्ख्या किनाऱ्यावर मी आणि बाबलीकाका, दोघंच. काका दहा मिनिटं उभे राहिले, शिटी बोटांत धरली आणि परत सदऱ्यात टाकली. मला म्हणाले, आज काय नाय, घरा जा बाय. मी घरी गेले नाही. सहा एकतीसला दर्याकडचा एक फोटो काढला, मग नदीच्या मुखाकडे जाऊन पूर्वेकडे तोंड करून वाळूतल्या होडीचे काढले.

आता कामाची गोष्ट. पहाटे जमीन काळोखी असते आणि आभाळ लख्ख. आपला डोळा दोन्ही एका वेळी सांभाळतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. होडी नीट दिसू दिली तर आभाळ पांढरं फटक होतं, आभाळ राखलं तर होडी कोळशासारखी. म्हणून मी तिपाईवर कॅमेरा ठेवून एकाच दृश्याचे तीन फोटो काढते: एक काळोखी, एक मधला, एक उजळ. घरी कॉम्प्युटरवर ते एकावर एक ठेवून प्रत्येकातला नीट आलेला भाग घेते. इथवर मी तिथे नसलेलं काही घालत नाही, दिसलं तेच परत मिळवते.

लबाडी पुढच्या पायरीला सुरू होते. आभाळच मेलेलं असेल तर परत काय मिळवणार? माझ्याकडे आभाळांचा एक फोल्डर आहे, त्यात एक्केचाळीस आभाळं आहेत. प्रोग्रॅम आपोआप आभाळाची कड ओळखून ते कापतो, तिथे मी फोल्डरातलं आभाळ बसवते. सुरूच्या झाडांच्या काड्यांभोवती पांढरी रेघ राहते, ती हाताने पुसावी लागते. मग जमिनीवर थोडी पिवळी छटा चढवायची, नाहीतर खालचा भाग थंड आणि वरचा गरम दिसतो. ओल्या वाळूत तेच आभाळ उलटं करून फिकट बसवायचं. नीट केलं तर दीड तास जातो. हे मी का करते? कारण मला एकच रविवार मिळतो, पाहुणे ठेवणारी घरं सोनेरी फोटोच मागतात, आणि राखाडी फोटोला तुम्ही ढुंकून बघत नाही. पण तुमच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. मलाच ते आवडायचं.

त्या होडीवर मी ‘लाटंबार्से सात’ बसवलं. आमच्या काजूच्या डोंगरावरून जानेवारीत काढलेलं आभाळ, मधोमध कोवळा सूर्य. खाली लिहिलं ‘केरीची सकाळ’ आणि तारीख, वेळ टाकली. आभाळ बदललंय हे लिहिलं नाही.

इकडे त्या रविवारी काय झालं, तर काळी पट्टी बाहेरच्या बाहेर निघून गेली. नऊला ऊन पडलं. गाव उठला तेव्हा दर्या निळा. टोळीतली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. दोन दिवसांनी टोळीतल्या सगुणच्या मुलीने, दिपालीने, माझा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. तिच्या मनात काही नव्हतं, आपला गाव छान दिसतो म्हणून टाकला. पण तारीख होती, वेळ होती आणि वर लखलखीत आभाळ होतं. माणसांनी दोन आणि दोन चार केले. इतकं स्वच्छ फटफटलेलं असताना बाबलीला काळोख दिसला, म्हणजे डोळे गेले. त्याच संध्याकाळी देवळाच्या मंडपात बसून त्यांनी शिटी सगुणकडे दिली. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. काका तुम्ही आता आराम करा, एवढंच म्हणाले. सगुण काकांचा सख्खा पुतण्या, त्याने मान खाली घालून ती घेतली.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी गेले तर काका रस्त्याकडे तोंड करून बसलेले. त्यांच्या पडवीतून दर्या दिसतो आणि त्यांनी त्याच्याकडे पाठ केली होती. त्यांची बायको सत्यवतीकाकू पेडण्याच्या बाजारात मासळी विकते, तिची जीभ तिच्या कोयत्यासारखी. तिने मला चहा आणि उंडो, म्हणजे गोल पाव, दिला आणि काय झालं ते सगळं ऐकवलं. वर म्हणाली, तुझ्या फोटोने ह्यांना आंधळं ठरवलं. मी उंडो बशीत परत ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते मला त्या दिवशी झालं.

काकांनी फोटो बघायला मागितला. तोवर त्यांना तो कोणी दाखवलाच नव्हता, नुसतं सांगितलं होतं. मोबाईल हातभर लांब धरून त्यांनी तो निरखला, मग हळूच म्हणाले:

“बाय, सूर्य होडयेच्या फाटल्यान आसा. मगे होडयेची सावळी खंय गेली?”

मी बघितलं. समोर सूर्य, मध्ये होडी, म्हणजे तिची लांब सावली आमच्याकडे पडायला हवी. वाळू कोरी होती. ढगाळ उजेडाला सावली नसते, आणि मी आभाळ बदललं तरी वाळू ढगाळ दिवसाचीच राहिली होती. नऊ हजार वाचकांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. भूगोल शिकवणाऱ्या मला दिसलं नव्हतं. डोळे गेलेल्या म्हाताऱ्याला अर्ध्या मिनिटात दिसलं.

मी सगळं कबूल केलं. काका रागावले नाहीत, त्याचाच मला राग आला. टोळीला सांगा ना, म्हटलं. तर म्हणाले, कोणाला सांगू? माझे डोळे खरे की फोटो खरा, यावर त्यांनी आधीच निकाल दिलाय.

म्हणजे सांगायचं मलाच होतं. आणि मी आठवडाभर घरी बसले. खरं लिहिते, मी घाबरले होते. एक फोटो खोटा म्हटला की मागचे सगळे संशयात येणार, हे मला कळत होतं. पण वर्गात मुलांना सावल्यांवरून दिशा शिकवताना मला ती कोरी वाळू आठवली, आणि त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन केरीला गेले.

मंडपात सगळी टोळी जमली. काकाही आले, खांबाला टेकून मागे बसले. मी कॅमेऱ्यातल्या मूळ फायली उघडल्या. मूळ फाईल म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा माल, तिच्यात तारीख आणि मिनिटासकट वेळ असते. आधी सहा एकतीसचा दर्या दाखवला: काळी पट्टी, खालची फुगलेली लाट. मग सहा बावन्नची होडी, शिळ्या पेजेच्या आभाळाखाली. मग लाटंबार्से सात, एकटंच. मग त्यांच्यासमोर ते आभाळ कापून होडीवर बसवून दाखवलं. प्रोग्रॅमला चार सेकंद लागले. काकांनी सावली कशी पकडली तेही सांगितलं आणि सगळ्यांची माफी मागितली.

मग एक म्हातारा दर्याच्या फोटोकडे बोट दाखवून पुटपुटला, ह्या दर्यात मीही रापण घातली नसती. सगुण उठला. त्याने गळ्यातली शिटी काढली, काकांसमोर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी पुढे केली. त्याचे डोळे भरले होते.

काकांनी ती घेतली, सदऱ्याला पुसली, गळ्यात घातली. मला वाटलं, संपलं, बरं झालं. पण ते खांबाला धरून उठले, शिटी परत काढली आणि सगुणच्या गळ्यात घालताना म्हणाले:

“त्या दिसा तुमी ती माज्याकडसून घेतलास. आज मी देतंय.”

आणि घरी गेले. सगुण त्यांच्या मागे दारापर्यंत गेला, तरी त्यांनी शिटी परत घेतली नाही. आता रोज पहाटे दोघं वाळूत उभे असतात, सगुण एकदा दर्याकडे बघतो आणि एकदा काकांकडे.

केरीच्या त्या जुन्या फोटोच्या जागी मी सहा बावन्नचा राखाडी फोटो लावला आहे. आभाळ बदललेले बाकीचे फोटो मी काढून टाकत नाही, पण प्रत्येकाखाली आता लिहिलं आहे की आभाळ कुठलं आणि कधीचं. राखाडी फोटो चार दिवसांत एकोणीस जणांनी बघितला. त्यातला एक सत्यवतीकाकूंचा फोन होता. काकांनी तो हातभर लांब धरून बघितला म्हणे, आणि म्हणाले, आता होडीला सावली नाही ते बरोबर आहे.