पिंपाच्या तळाचं तेल

माझी वहिनी ताकसुद्धा फुंकून पिणारी. बसच्या वर्कशॉपमध्ये ती स्टोअर सांभाळते, मी तिथेच मेकॅनिक, आणि तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिथल्याच बस चालवतो. घरातून निघताना ती गॅस बघते, कुलूप ओढून बघते, मग परत येऊन पुन्हा गॅस बघते. दादाकडून तिने शपथ घेतली होती की गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, खिशात थरथरलासुद्धा नको. आम्ही तिची फार थट्टा करायचो. "वहिनी, तुम्ही स्वप्नसुद्धा हेल्मेट घालून बघत असाल," असं मी म्हणायचो आणि ती मला भाजी कमी वाढायची.

अशा बाईच्या हातून हे झालं, म्हणून अजून नवल वाटतं.

पूर्वी इंजिन ऑइल लहान डब्यांतून यायचं. मालकाला भाव पटला आणि त्याने मोठं पिंप मागवलं. ते स्टोअरच्या दारातून आत जाईना, म्हणून अंगणात उभं केलं. वहिनीने पिंपाच्या माथ्यावरची दोन्ही झाकणं पान्याने आवळली आणि म्हणाली, "आता यात मुंगी शिरायची नाही." मुंगी शिरली नाही, पण पाणी शिरलं. उभ्या पिंपाच्या माथ्यावर, कडेच्या आत, पावसाचं पाणी साचतं. दिवसा उन्हाने आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री पिंप गार झालं की ते झाकणाच्या आट्यांतून श्वास ओढतं आणि हवेसोबत ते साचलेलं पाणीही आत घेतं. पिंप छपराखाली आडवं ठेवायचं, दोन्ही झाकणं एका आडव्या रेषेत, आतून तेलात बुडालेली, हे आम्ही नंतर शिकलो. तेव्हा सगळेच शहाणे होतो. शिवाय उघडलेलं पिंप काही महिन्यांत संपवायचं असतं. आमचं तसंच रेंगाळलं होतं, हातपंप खोचलेला, भोवती चिंधी गुंडाळलेली.

त्या सकाळी पिंप संपत आलं. टाकून देणं वहिनीच्या स्वभावात नाही. तिने पिंपाखाली लाकडी ठोकळा सरकवला, एका बाजूला कलतं केलं आणि पंपाने तळाचं तेल ओढून डबा भरला. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशीच बसलेलं असतं. डब्याच्या नळीतून ते सरळ दादाच्या गाडीत गेलं, कुणाला दिसलं नाही. गाडी प्रवासी भरून घाटाच्या रस्त्याला लागली.

रिकामा डबा निथळायला वहिनीने ताटलीत पालथा घातला, तेव्हा मी शेजारच्या गाडीखाली होतो.

"भाऊजी, इकडे या." आवाज असा आला की मी डोकं आपटूनच बाहेर निघालो.

ताटलीत दुधाळ तेल होतं आणि त्याखाली स्वच्छ पाणी. मी तापलेल्या शेगडीच्या पत्र्यावर दोन थेंब टाकले. फोडणीसारखं तडतडलं. वहिनीची पाचावर धारण बसली.

"त्यांना फोन लावा."

"वहिनी, त्याचा फोन..."

बंदच होता. तिनेच बंद ठेवायला लावलेला. ती तरीही लावत राहिली. कंडक्टरचा लावला, तर घाटात रेंज नाही. मग आम्ही वर्कशॉपची जीप काढली. वाटेभर ती एकच बोलत होती, "झाकण मी घट्ट लावलं होतं हो, मी घट्ट लावलं होतं." प्रत्येक वळणाला मी आधी कठडा बघत होतो, मग रस्ता. कठडा शाबूत दिसला की पुढच्या वळणापर्यंत जिवात जीव यायचा.

चढाच्या एका वळणावर बस दिसली. डोंगराच्या बाजूला उभी, चाकांमागे दगड, प्रवासी रस्त्याकडेला बसलेले. आम्ही दोघं धावलो. दादा पायरीवर बसला होता.

"तेलाचा दिवा लागला," तो म्हणाला. "बाजूला घेईपर्यंत इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड. गाडी मागे सरकायला लागली. हँडब्रेक लागला म्हणून वाचलो."

वहिनीने सगळ्यांसमोर सांगितलं, "ते तेल मीच दिलं. पिंपाच्या तळाचं. त्यात पाणी होतं."

प्रवाशांपैकी कुणीतरी शिवी हासडली. मला वाटलं, आता दादाही भडकणार, कारण तो तापट आहे. पण त्याने आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. स्टिअरिंग आवळून ते लाल झाले होते.

"मला फार भीती वाटली गं," तो म्हणाला.

आजवर आमच्या घरात भिण्याचं काम एकट्या वहिनीकडे होतं. ती त्याच्या शेजारी बसली आणि ते हात तिने आपल्या तेलकट हातांत धरून ठेवले.