आईच्या खाटेजवळचे पांढरे डाग

दादाचा फोन आला तेव्हा मी कळव्याला आमच्या गाळ्यात पॉलिशची पॅडं धूत बसलेले. माझा आणि नवऱ्याचा धंदा फरशी पॉलिशचा. दादा म्हणाला, "येऊन बघ एकदा. आईने खाटेजवळची सगळी फरशी घाण करून ठेवल्येय. आमच्याच्याने नाही होत आता. कल्याणला एक वृद्धाश्रम बघितलाय, रविवारी नेऊन सोडतोय." आधी फरशी, मग आई, ह्याच क्रमाने बोलला. मला फोनवरच शिसारी आली.

बाळकुमला त्याचा नवा फ्लॅट आहे, वरच्या मजल्यावर. घरभर पांढराशुभ्र संगमरवर. घर घेतल्यापासून हा माणूस पाहुण्यांना आधी फरशी दाखवतो, मग पाणी विचारतो. मला आईच्या खोलीत नेताना त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. स्वतःच्या आईच्या खोलीत शिरताना! मी दातओठ खात त्याच्यामागून आत शिरले.

आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. ओठ सुकून फुटलेले. उशाशी तांब्या भरलेला, तसाच. मी पेला भरून दिला तर म्हणाली, "नको गो. तहान नाही." मी म्हटलं, "घोटभर तरी घे." तिने मान हलवली आणि डोळे मिटले.

"बघ," दादा दारातूनच म्हणाला. "आधी दोन-चार गोल डाग होते. आता रोज वाढतायत. रात्री उठून इथेच करते, आणि विचारलं की काही आठवत नाही म्हणते."

"तू बघितलंस तिला करताना?"

"बघायला कशाला हवं? डाग दिसतायत की."

वहिनी मागून म्हणाल्या, "मी रोज घासते हो. किती किती घासते! घासलं की दुसऱ्या दिवशी अजून मोठे."

मी गुडघ्यावर बसले. आधी नाक फरशीला लावलं. दादा "शी!" म्हणाला. मुताचा वास म्हणून नव्हता. एक तिखट, नाकाला झोंबणारा वास होता, संडास-बाथरूम धुतल्यावर येतो तो. मग मी मोबाईलचा टॉर्च आडवा धरला. आडव्या उजेडात सगळं दिसतं. बाकीची फरशी चकाकत होती आणि डागांच्या जागी चकाकी मेलेली. त्यावरून नख फिरवलं तर खरखरीत लागलं. ओला फडका मारला, डाग पुसला गेला नाही. जाणारच नव्हता. कारण तो दगडात शिरलेला डाग नव्हताच, तिथला दगडच खाल्ला गेलेला.

संगमरवर म्हणजे एक प्रकारचा चुनाच. आंबट काही पडलं की वरचा गुळगुळीत थर विरघळतो आणि मागे पांढुरकी, मंद जागा राहते. लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर, सगळ्याने होतं. लिंबाने नुसती चकाकी जाते, बाथरूमच्या अ‍ॅसिडने दगड खरखरीत होतो. इथे दोन्ही होतं. मोठ्या खरखरीत फराट्यांच्या मधे, पुसट, नीट गोल अशी काही वर्तुळं होती. मी उशाशी तसाच राहिलेला आईचा स्टीलचा पेला उचलला आणि एका वर्तुळावर ठेवला. तंतोतंत बसला.

"आई, ह्यात काय प्यायचीस?"

"लिंबूपाणी गो. गोळ्यांनी तोंड कडू होतं म्हणून. मेजापर्यंत हात पुरत नाही, खाली ठेवायची."

मी वहिनींकडे वळले. "तुम्ही घासता कशाने?"

त्या बाथरूममधून बाटली घेऊन आल्या, तीच, कमोड साफ करायची. मी आईला धरून बाहेर हॉलमध्ये नेऊन बसवलं, खिडक्या उघडल्या आणि दोघांना म्हटलं, "या जवळ. रुमाल काढ दादा, आता बघायचंय." जिथे आधीच सत्यानाश झालेला तिथे एक थेंब टाकला. फरशी फसफसली, बारीक बुडबुडे आले. मी लगेच भरपूर पाणी ओतून पुसलं. तिथे आणखी पांढरं झालेलं.

"हे तुम्ही रोज करत होता," मी म्हटलं. "तिने लिंबूपाण्याचा पेला ठेवला, एवढंच. बाकीचं सगळं ह्या बाटलीचं. तुम्हीच ओतायचं, तुम्हीच वाढवायचं, आणि नाव म्हातारीचं!"

वहिनी मटकन खाटेवर बसल्या. दादा त्या फरशीकडे बघत राहिला. मला वाटलं आता बाहेर जाईल, आईच्या पाया पडेल, निदान हात तरी धरेल. त्याने विचारलं, "मग नीट होईल ना गं? पहिल्यासारखी?"

खरं सांगते, इतकी किळस मला कधी कुठल्या घाणीची आली नाही. लोकांच्या मुताऱ्या-मोऱ्यांची कामं केलीत मी.

"होईल," मी म्हटलं. "पण रविवारचं रद्द कर. तिला ह्या घरातून हलवलंस तर मीही पॅडला हात लावणार नाही, आणि गावभर, नौपाड्यातल्या आपल्या मावश्यांपासून सगळ्यांना ह्या बाटलीची गोष्ट सांगेन."

त्याने तिथेच माझ्यासमोर वृद्धाश्रमाला फोन केला. लाजेने की भीतीने, मला माहीत नाही. मला काय करायचंय.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि मी मशीन घेऊन गेलो. उरलासुरला आंबटपणा मरावा म्हणून आधी खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं, मग साध्या पाण्याने धुतलं. खरखरीत फराट्यांवर जाड दाण्याच्या पॅडपासून सुरुवात, पाणी सोडत, मग बारीक, मग त्याहून बारीक. नुसत्या डागावर मशीन धरली तर तिथे खळगा पडतो, म्हणून आजूबाजूलाही पसरवत न्यायचं. पेल्याच्या वर्तुळांना जाड पॅड लागलंच नाही. दुपारपर्यंत डाग गेले. दादा म्हणाला, "आता शेवटची चकाकी मार, आणि वर सीलर लाव, म्हणजे परत होणार नाही."

"सीलरने तेल, चहा, हळद आत मुरत नाही. लिंबाचं पाणी वरचा दगड खातच राहणार, सीलर असला तरी," नवरा म्हणाला. "आरशासारखी चकाकी ठेवली की प्रत्येक थेंब दिसणार."

म्हणून खाटेभोवतीचा तेवढा भाग आम्ही मुद्दाम मॅट ठेवला. मंद फरशीवर मंद डाग कुठून दिसणार? आईचा पायही घसरणार नाही. खाली ठेवायला एक ताटली दिली, वहिनींना साधा साबण दिला आणि सांडलं की लगेच टिपायचं हे सांगितलं. ती बाटली मी पिशवीत घालून घेऊन आले. दादा खाटेभोवती आलेल्या त्या मंद चौकोनाकडे बघून तोंड वाकडं करत होता. करू दे.

आईला आत आणलं. ती फरशीकडे बराच वेळ बघत बसली. मग हळूच, दादाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "आता माझ्याकडून झालं तर दिसेल का गो?"

"तुझ्याकडून काही झालंच नव्हतं, आई. मी काल सांगितलं ना."

"ते सांगितलंस तू. पण मला झोपेत कळत नाही ना. म्हणून पाणी सोडलेलं. आत काही नसलं तर होणार कुठून?"

मी पेला काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे बघितलं, मग प्यायली, एका दमात, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. मी पुन्हा भरला. तोही प्यायली.

मग पेला ताटलीत ठेवण्याआधी तिने त्याचं बूड पदराने पुसलं. दोनदा पुसलं, आणि दाराकडे बघितलं, दादा बघतोय का म्हणून.