लिफ्टवाल्या भाऊजींचा चौतीस हजारांचा पगार

माझे धाकटे दीर लिफ्ट बसवतात. इमारतीची लिफ्ट तपासणीत पास झाली की कंपनी त्यांना साठ हजार बोनस देते. कधी देईल याचा नेम नाही. बोनसच्या महिन्यात भाऊजी सगळ्यांना भेटी वाटत सुटतात आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडे दोनशे रुपये मागतात. माणूस लबाड मुळीच नाही. हिशेबाशी मात्र त्यांचं जन्माचं वाकडं.

सासरे पडले, मांडीचं हाड मोडलं. त्यांच्यासाठी दिवसभराची बाई ठेवायची, तिचे महिना बारा हजार. तिन्ही भावंडांनी कमाईच्या प्रमाणात द्यायचे, असं स्वयंपाकघरात ठरलं. बाईला होकार त्याच संध्याकाळी कळवायचा होता.

आमच्या ह्यांनी चाळीस हजार सांगितले. शिवणकाम करणाऱ्या नणंदेनं सव्वीस.

"माझे चोवीस," भाऊजी म्हणाले.

"चोवीस? मागे चौऱ्याऐंशी आले तेव्हा पेढे वाटत होतास!" नणंद कडाडली.

"ते एकदाच गं."

"मग चौऱ्याऐंशीच धर!"

तिचंही खरं होतं. चोवीस धरले तर तिच्यावर साडेतीन हजारांच्या आसपास भार येत होता, चौऱ्याऐंशी धरले तर जेमतेम दोन. भांडण हातघाईवर यायच्या आत मी भाऊजींच्या मोबाइलवर बँकेच्या नोंदी काढायला लावल्या.

गेल्या वर्षी बोनस एकच, त्याआधीच्या वर्षी तीन. एकट्या गेल्या वर्षाची सरासरी एकोणतीस हजार, आधीच्या वर्षाची एकोणचाळीस. म्हणून दोन्ही वर्षं एकत्र घेतली. वीस महिने चोवीस हजारांचे, चार चौऱ्याऐंशीचे. एकूण आठ लाख सोळा हजार. भागिले चोवीस महिने.

"चौतीस हजार," मी म्हटलं.

"वहिनी, चौतीस हजार मी आयुष्यात एकदाही पाहिले नाहीत."

"पाहायचे नाहीत, धरायचे. बोनस आला की बाजूला काढायचा, म्हणजे कोरड्या महिन्यातही तुमचा वाटा निघेल."

तिघांचे मिळून लाख झाले. भाऊजींच्या वाट्याला चार हजार ऐंशी, नणंदेच्या तीन हजार एकशेवीस. तिचा पारा उतरला. ह्यांनी बाईला फोन लावला, ती सोमवारपासून येते म्हणाली. मी चहा टाकला.

भाऊजी मात्र त्या आकड्याकडे बघत बसले होते.

"म्हणजे तेव्हाही चौतीसच होते?"

"केव्हा?"

"दीड वर्षापूर्वी. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. कर्जाचा हप्ता नऊ हजार, मी भरायचा. चोवीसमध्ये बसत नाही, असं मीच म्हणालो होतो ना?"

ते म्हणाले होते. आम्ही सगळ्यांनी लगेच मान डोलावली होती. बोनसचं काय, असं कुणीही त्यांना विचारलं नव्हतं, आणि ऑपरेशन राहूनच गेलं. सासरे त्याच गुडघ्यामुळे पडले होते.

आतल्या खोलीतून सासऱ्यांनी पाणी मागितलं. भाऊजी उठले, पेला भरला आणि दारापाशीच उभे राहिले. त्यांना आत जाववेना. पाणी मग मी नेऊन दिलं.