अलिशाचे ग्लायकोलिसिसचे पत्ते

अलिशा माझी रूममेट, गंगापूर रोडच्या भाड्याच्या खोलीतली. वडील निसारचाचा प्रिंटिंग प्रेसमध्ये कटिंगला. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्या ते लेकीला आणून द्यायचे, आणि ही बया त्यांवर एमबीबीएस करत होती! एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, असे पत्ते. चपलांची तीन खोकी. पहिलं रोज काढायचं, दुसरं दिवसाआड, तिसरं आठवड्यानं. उत्तर आलं की पत्ता पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात.

सगळं छान, पण ग्लायकोलिसिसचा, म्हणजे पेशीत ग्लुकोज पायरीपायरीनं फोडण्याच्या साखळीचा, पत्ता काही केल्या पहिल्या खोक्यातून हलेना. टर्मिनल परीक्षेत तिची बायोकेमिस्ट्री उडालेली. वार्षिकलाही उडाली असती तर बॅच सुटली असती, मी पुढं, ती मागं. शेवटी मीच मध्ये पडले.

"दाखव बरं," मी खेकसले. बघते तर काय, एकाच पत्त्यावर सगळ्या पायऱ्या, एन्झाइम, त्यांना दाबणारे इनहिबिटर, सगळं मुंग्यांसारखं कोंबलेलं! एक शब्द चुकला की अख्खा पत्ता नापास.

"अगं भवाने, हा प्रश्न आहे का सातबारा?"

"तृप्ती, तोडायचं कसं? साखळी आहे ना ती!"

"एका पत्त्यावर एकच प्रश्न. चल, घे कात्री!"

दोघी फतकल मारून बसलो. फ्रुक्टोज-सिक्स-फॉस्फेटच्या पुढं कोण? अलीकडे कोण? पीएफके-वन या एन्झाइमला दाबतं कोण? एटीपी आणि सायट्रेट. चेव कोण आणतं? एएमपी आणि फ्रुक्टोज-टू-सिक्स-बिसफॉस्फेट. "सायट्रेट का गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "पुढं माल तुंबलाय, कशाला अजून पाठवता!" अलिशा हसून हसून गडाबडा लोळली. मग पत्ते पिसायचे, क्रम लागूच द्यायचा नाही. पंधरवड्यात पत्ते टणाटण तिसऱ्या खोक्यात जायला लागले. आम्ही हवेत!

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दोघींना एकदम बसवलं. परीक्षक बोलले, "ग्लायकोलिसिस सुरुवातीपासून सांगा." अलिशा माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, आम्ही साखळी तोडली खरी, पण ती सलग एकदाही म्हणून पाहिली नव्हती! माझाच शहाणपणा. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"सर, मधून सुरू करू?" अलिशा म्हणाली.

ती फ्रुक्टोज-सिक्स-फॉस्फेटवर उभी राहिली. तिथून पुढं, पुढं, एकेक करत थेट शेवटच्या पायरुव्हेटपर्यंत. मग परत येऊन मागं चालली आणि ग्लुकोजला जाऊन टेकली. एकही पायरी सुटली नाही. परीक्षक खुर्चीत पुढं सरकले.

"मधूनच का?"

"सर, मेन नळ तिथंच आहे. पीएफके-वन बंद, तर पुढचं सगळं थंड."

सर खो खो हसले. म्हणाले, "जा, पास." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सुरुवातीपासूनच सांगा."

सलग मीही कुठं म्हटली होती साखळी! माझी गाडी पहिल्याच पायरीवर अडली, आणि अलिशानं टेबलाखाली माझा हात घट्ट दाबून धरला.