नितीनने पासवर्ड विचारलाच नाही

मंडळी, आज मिसरोदच्या घरी बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस केला. महिन्यापूर्वी मी वायफायचा पासवर्ड बदलला होता, त्यामुळे सगळ्यांचे फोन अडले. आत्या, मामी, भाचा, एकेक जण स्वयंपाकघरात येऊन हळूच पासवर्ड विचारून गेला.

माझ्या माहितीप्रमाणे वर्षभराने घरी आलेला धाकटा भाऊ नितीन मात्र विचारायला आला नाही.

"तुला पासवर्ड नको?"

"नको ताई, फोन आपोआप कनेक्ट झालाय."

नवा पासवर्ड एकदा टाकल्याशिवाय फोन आपोआप जोडला जात नाही. मी बाबांकडे पाहिलं.

"गेल्या आठवड्यात तू नागपूरला होतीस, तेव्हा आला होता," बाबा खाली बघत म्हणाले. "घराच्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. तुला सांगू नका म्हणाला."

दहा वर्षं बाबांना मीच सांभाळतेय. तरी पाहुण्यांसमोर मी नितीनला जेवायला वाढलं. तुम्ही काय केलं असतंत?