धर्माचा बांध आणि दोन-तीनची राखण

धर्मा मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायचा. मी मास्तर नव्हतो. मी मीठ खात्यात कारकून होतो. मुंबईत असताना एका जिमखान्याकडून चार वर्षं बास्केटबॉल खेळलो होतो, आणि एवढ्याच अपराधाबद्दल खाडीकाठच्या या हायस्कूलने मला फुकटात कोच करून टाकलं होतं. साल चौसष्ट. हेडमास्तरांनी बजावून ठेवलं होतं की यंदा तालुक्याचा कप आला नाही तर ते दोन खांब उपटून तिथे भाजीचे वाफे करायचे. ते खांब मी स्वतः उभे केले होते. कड्या लोहाराकडून घडवून आणल्या होत्या. माझा जीव त्या खांबांत होता, आणि संघ मात्र असला होता की देवाने डोळे मिटून घ्यावेत.

मी आधी पोरांना ‘मॅन टू मॅन’ शिकवलं. प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू वाटून घ्यायचा. त्याच्या आणि कडीच्या मध्ये उभं राहायचं, चेंडू लांब असेल तर थोडं कडीकडे सरकायचं, एक डोळा माणसावर आणि एक चेंडूवर. पोरांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. पहिल्याच सामन्यात नामा आपल्या माणसामागे मैदानाबाहेर पाण्याच्या माठापर्यंत गेला. बाकीचे चेंडूकडे पाठ करून आपापल्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. वर धक्काबुक्की करून दोघे पाच-पाच फाउल होऊन बाहेर बसले. मी डोकं धरून बसलो.

आणि या सगळ्यात धर्मा रोज हजर. त्याचा मुलगा दादू संघात होता, म्हणून संध्याकाळी खारभूमीच्या बांधावरचं काम उरकलं की हा चिखलाच्या पायांनी मैदानाच्या कडेला येऊन बसायचा आणि बोलायचा. खाडीचं खारं पाणी भाताच्या खारात शिरू नये म्हणून घातलेला तो बांध गावाने घराघराला तुकड्यांनी राखायला वाटून दिला होता, आणि धर्माचं बोलणं संपायचं एकाच गोष्टीवर.

‘‘मास्तर, माझ्या वाटनीचा बांध आजवर कदी फुटला नाय.’’

ही गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकली असेन. शाळेचा शिपाई चांगदेव तिथेच मैदानावर पाणी मारत असायचा. तो धर्माच्याच गावचा, पण दोघे एकमेकांशी अकरा वर्षं बोलत नव्हते. का, ते मी विचारलं नाही. मला माझी कटकट पुरेशी होती.

एक दिवस मी चिडून पोरांना म्हटलं, ‘‘जाऊ दे, आपण झोन खेळू. माणूस राखायचा नाही, जागा राखायची. दोघं पुढे, तिघं मागे कडीजवळ. चेंडू जिकडे जाईल तिकडे पाचही जणांनी मिळून सरकायचं. आपल्या जागेत जो येईल तो आपला.’’

पोरं दगडासारखी बघत राहिली. धर्मा मात्र उठून आत आला. माझी परवानगी वगैरे काही नाही.

‘‘अरे, यो बांध हाय!’’ तो पोरांना म्हणाला. ‘‘पानी कुठलं, कुनाचं, बगायचं नाय. आपल्या वाटनीवर उभं ऱ्हायचं. आनि दोन वाटन्यांचा सांदा असतो ना, पानी तितंच शिरतं. सांद्यावर दोगांनी माती टाकायची. यो माझा, त्यो तुजा, असं म्हनायचं नाय.’’

मला राग आला, कारण मी चार वर्षं खेळून जे सांगू शकलो नव्हतो ते त्याने चिखलाच्या पायांनी सांगून टाकलं होतं. झोन फुटतो तो दोन खेळाडूंच्या मधल्या फटीतच. पोरांना उधाणाच्या दिवशी बांधावर उभं राहायची लहानपणापासून सवय. आठवड्याभरात ती पाच पोरं हात पसरून अशी सरकायला लागली की कडीखाली वारा शिरेना. लांबून कुणी चेंडू टाकला तर टाकू दे, शाळेच्या पोरांचे लांबचे दहांतले आठ चुकतात. आम्ही तीन सामने जिंकले. धर्मा इतका फुगला की मला बोलायला जागाच राहिली नाही.

मी मात्र रोज सांगत होतो. झोन आपण पुढे असताना चांगला. मागे पडलो आणि वेळ थोडा उरला, तर तो सोडून माणूस धरायचा, कारण समोरचा चेंडू घेऊन लांबच उभा राहिला तर झोन त्याचं काय वाकडं करणार? पोरं माना डोलवायची. धर्मा म्हणायचा, ‘‘जागा सोडायची नाय, मास्तर.’’

अंतिम सामना आमच्याच मैदानावर, पनवेलकडच्या एका शाळेशी. आम्ही एका गुणाने मागे, बावीस-तेवीस, दोन मिनिटं उरलेली. आणि समोरच्यांनी तेच केलं. चेंडू घेऊन मधल्या रेषेजवळ उभे राहिले आणि आपापसांत खेळवू लागले. तीस सेकंदांत चेंडू टाकायचा नियम पुस्तकात होता, पण तो मोजणारं घड्याळ तालुक्यात कुणाकडे नव्हतं. आमची पाच पोरं कडीभोवती हात पसरून शहाण्यासारखी उभी. पुढे पाणीच नाही आणि बांध राखतायत! मी ओरडून घसा फोडला. शेवटी त्यांचा एक पास आमच्या पोराच्या हाताला लागून बाहेर गेला, चेंडू त्यांचाच राहिला, आणि मी टाइम आउट मागितला.

‘‘माणूस धरा! बाहेर निघा! किती वेळा सांगितलं?’’

‘‘पन सर,’’ दादू म्हणाला, ‘‘जागा सोडली नं मागून कोन शिरलं तर? बाबाचा बांध कदी फुटला नाय, त्यो असाच ना?’’

मी धर्माकडे असं बघितलं की तो तिथेच जळून जायला हवा होता. तो आला. बाजूच्या टेबलाशी चांगदेव वेळेची घंटा धरून उभा होता. धर्माने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

‘‘माझा नाय फुटला,’’ तो म्हणाला. ‘‘चांगदेवचा फुटला. नारली पुनवंचं उधान. आमच्या दोगांच्या सांद्यापासून धा हातांवर. त्यो हाका मारत होता. मी माझ्या वाटनीवर उभा ऱ्हायलो, माझी जागा सोडली नाय. माझा बांध जागच्या जागी, आनि पानी आख्ख्या खारात. माझ्या वावरातपन. तीन वरसं कुनाचं भात झालं नाय. ह्याची जमीन गेली. म्हनून ह्यो हितं घंटा वाजवतोय.’’

पंचाने टाइम आउट संपल्याची शिट्टी दिली.

‘‘पानी आपल्याकडं येत नसंल तर आपन जायचं,’’ धर्मा म्हणाला. ‘‘जा.’’

पोरं गेली. एकेक जण एकेका माणसाला अंगाशी जाऊन भिडला. समोरच्यांना ही सवय नव्हती, सबंध सामना त्यांना कुणी बाहेर अडवलंच नव्हतं. त्यांच्या एकाने घाबरून आडवा पास टाकला. दादूने तो मधेच उचलला, एकटा धावत गेला आणि कडीत टाकून आला. चोवीस-तेवीस. मग उरलेला वेळ मी बोटं मोडत ‘‘झोन! आता झोन!’’ असं ओरडत होतो आणि ती गाढवं आपापल्या माणसाला चिकटूनच होती. माझा एक शब्द म्हणून ऐकला नाही. चांगदेवने घंटा दिली तेव्हा मी खाली बसलो.

हेडमास्तर कप हातात घेऊन खांबांकडे बघत होते, जणू त्यांनीच ते उभे केले होते. धर्मा गर्दीत नव्हता. तो माठाजवळ पाठमोरा उभा होता. चांगदेवने तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला. अकरा वर्षांनी तो त्याच्याशी बोलला, ते मी स्वतः ऐकलं.

‘‘धा हात नव्हते रं, धर्मा,’’ तो म्हणाला. ‘‘चार होते.’’

धर्माने कबुलीची मान हलवली आणि तांब्या घेतला.